माझाच मुलगा दुसऱ्या मुलाला छळतोय. त्याच्याशी बोलायचं कसं?

गोदाकाठची
नमस्कार. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. आम्ही नाशिकला असतो. मुलगा पाचवीत, साडेदहा वर्षांचा.

मंगळवारी संध्याकाळी त्याच्या व्हॅनमधल्या एका तिसरीतल्या मुलाच्या आईचा फोन आला. माझी त्यांच्याशी तोंडओळखसुद्धा नाही. त्यांचा मुलगा बोलताना अडखळतो, जास्त करून 'प'वर. माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र सकाळी व्हॅनच्या दारात आडवे उभे राहतात आणि त्याला 'पासवर्ड' विचारतात. पासवर्ड आहे 'पपई'. एका दमात म्हटला तर बाकावर जागा, अडकला तर मागे दप्तरांच्या ढिगाऱ्याशेजारी. तो अडकायला लागला की तिघं मिळून 'प-प-प-प' असा ठेका धरतात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून हे रोज चाललंय.

त्या मुलाला महिनाभर सकाळी उलट्या होत होत्या. आईवडील पोटाचं दुखणं समजून डॉक्टरांकडे घेऊन गेले, तपासण्या केल्या. शेवटी त्यानं हे आजीला सांगितलं.

फोन ठेवला आणि मी मुलाला समोर उभं करून 'का केलंस?' विचारलं. 'मी काहीच नाही केलं' म्हणाला. माझा हात उठला. मग रडत रडत 'मस्करी होती' म्हणाला आणि आज दोन दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाहीये. नवरा म्हणतो, मुलं हे करतातच, आम्हीही केलंय. सासूबाई म्हणतात, त्या मुलाला थोडं घट्ट व्हायला हवं.

मला मुलाला पाठीशी घालायचं नाहीये. 'वाया गेला' असा शिक्काही मारायचा नाहीये. त्याच्याशी बोलायचं नेमकं कसं, एवढंच सांगा. तो परका असल्यासारखं वाटतंय गेले दोन दिवस.

चहा_कडक
ताई, मुलाला लगेच कराटेला घाला. माझ्या भाच्याला असाच त्रास होता. सहा महिन्यांत अंगात धमक आली, आता कुणी वाटेला जात नाही.

तिखटमीठ
चहा, धागा परत वाचा. ताईंचा मुलगा त्रास सोसणारा नाही, देणारा आहे.

चहा_कडक
अरे देवा! मग कराटेला अजिबात घालू नका.

रोखठोक
माझं मत कडक आहे. मोबाइल, क्रिकेट, टीव्ही, सगळं महिनाभर बंद. व्हॅनमधल्या सगळ्या मुलांसमोर त्या लहानग्याची हात जोडून माफी मागायला लावा. लाज वाटली की कळतं. बोलण्याबिलण्याची वेळ टळून गेलीय. समोरचं पोर महिनाभर ओकतंय.

कोवळी_पालवी
रोखठोक, शिक्षेनं मूल आणखी बिथरेल. दुसऱ्याला छळणारं मूल स्वतः आतून दुखावलेलं असतं, त्याच्यात न्यूनगंड असतो. त्याला आत्ता मायेची गरज आहे. जवळ घ्या, विश्वास द्या, आपोआप थांबेल.

वहीचं_पान
मी शाळेत समुपदेशक आहे, अठरा वर्षं झाली. या प्रकारचे पालक माझ्याकडे कमी येतात, कारण 'माझा मुलगा त्रास देतोय' हे म्हणायलाच मोठी छाती लागते. गोदाकाठची, तुम्ही ते म्हटलंत.

कोवळी_पालवी यांचं अर्धं बरोबर आहे. काही मुलं खरंच दुखावलेली असतात. पण माझ्यासमोर बसलेल्यांत वर्गात लाडकी, चुणचुणीत, चारचौघांत भाव खाणारी मुलंही भरपूर असतात. त्यांच्यात न्यूनगंड शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. आणि 'पपई' या शब्दाकडे नीट बघा. तो निवडायला आधी लक्षात यायला हवं की हा 'प'वर अडतो. म्हणजे तुमच्या मुलाला समोरच्याचं दुखणं दिसलं होतं, आणि बरंच बारकाईनं दिसलं होतं. 'त्याला कळत नव्हतं हो' हे मनातून काढून टाका.

आता बोलण्याचं. त्याच्याही आधी एक काम. उद्या सकाळपासून हे थांबलं पाहिजे, आणि ते मुलाच्या वचनावर सोडायचं नाही. व्हॅनवाल्या काकांना भेटा. तुमचा मुलगा पुढे काकांशेजारी बसेल आणि छोट्याची जागा काका ठरवतील. कुणीही दारात थांबणार नाही. शाळेलाही कळवा, तोंडी नको, लेखी. हे झाल्याशिवाय घरात कितीही छान बोललात तरी तिकडे रोज सकाळी 'पपई' चालूच राहील.

बोलायला बसाल तेव्हा 'का केलंस' विचारू नका. साडेदहा वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं. तो एक तर 'माहीत नाही' म्हणेल, नाही तर तुम्हाला चालेल असं काहीतरी रचून सांगेल. आणि जे तुम्हाला आधीच माहीत आहे ते माहीत नसल्यासारखं विचारू नका. तो सापळा असतो. मूल खोटं बोलतं, मग भांडण खोट्यावरून होतं आणि मूळचं राहून जातं. तुमच्याकडे मंगळवारी नेमकं तेच झालं.

त्यापेक्षा सरळ सांगा, 'मला हे, हे आणि हे कळलंय. हे चुकीचं आहे आणि ते थांबवलंय. आता मला तुझ्याकडून ऐकायचंय, दारात काय व्हायचं.' मग बारीकसारीक विचारा. कोण कुठे उभं असायचं, पहिलं कोण बोलायचं, तो अडकला की कोण हसायचं, त्याचा चेहरा कसा व्हायचा. समोरासमोर बसवून नको. हातात काहीतरी काम असावं, नजर त्याच्यावर रोखलेली नसावी. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

तो पळवाटा काढेल. मस्करी होती. सगळेच करतात. त्यानंच आधी काहीतरी केलं. तोही हसत होता. प्रत्येकीला एका वाक्यात उत्तर द्या आणि परत दाराशी या. भाषण दिलंत तर तो भाषण संपायची वाट बघेल, बाकी काही नाही.

तिखटमीठ
'परत दाराशी या' हे लिहून ठेवलं. आमच्याकडे दहा मिनिटांत विषय गेल्या वर्षीच्या मार्कांवर पोचलेला असतो.

शब्दांचा_प्रवासी
मी अडखळतो. वय ४१. धागा वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवावा लागला.

आमच्या वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणायचं असायचं. तीन मुलं माझ्या नंबरच्या आधी मागे वळून बसायची, तयारीनं. माझा नंबर २७. विसाव्या नंबरपासून माझा घसा आवळायला लागायचा. लोकांना वाटतं अडखळणं हे भित्रेपणातून येतं. तसं नाही, मी आईशी बोलतानाही अडतो. पण कुणी अडण्याची वाट बघत उभं असलं की ते दुप्पट होतं. त्या पोराला घरातून निघतानाच दार दिसत असणार. उलट्या त्याच्याच.

मीही हसायचो त्यांच्याबरोबर. न हसलो तर आणखी ताणायचे. म्हणून 'तोही हसत होता' हे कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं.

रोखठोक, तुम्ही रागावलात ते मला आवडलं. पण व्हॅनसमोर माफी नको. त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा परत त्या पोरावरच असतील, आणि 'ठीक आहे' हे त्याला अडखळत म्हणावं लागेल. मला त्या तिघांची माफी कधीच नको होती. ते माझ्याकडे न बघता बसलेले हवे होते.

रोखठोक
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सर्वांसमोरच्या माफीचं मागे घेतो. बाकीचं तसंच.

आजी_६८
माझ्या माहेरी सगळ्यांना नावं होती. एक लंगड्या, एक बुटकी, एक बोबडा. प्रेमानंच म्हणत. बोबडा म्हणजे माझा धाकटा भाऊ. साठी उलटूनही घरच्या कार्याला उभ्याउभ्या येऊन जातो, बसत नाही. गेल्या वर्षी मी त्याला विचारलं तर म्हणाला, 'ताई, तिथं मी अजून बोबडाच आहे.' बाई गं, घरात कोण कुणाची नक्कल करतं तेही बघ.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे याचा कायदाच आहे, २०११ पासून लागू. तक्रार आली की शाळेला एका दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि शाळेच्या दहा दिवसांत संपवावी लागते. प्रत्येक शाळेत या कामासाठी नेमलेला माणूस असतो. दोन वर्षांपूर्वी आम्हाला पत्र आलं ते माझ्या मुलीच्या नावानं. ती चौथीत होती. एका मुलीला जेवणाच्या टेबलावर बसू द्यायचं नाही असं चौघींनी ठरवलं होतं.

चौकशी शिस्तीत झाली, कागद शिस्तीत आले. पण त्या रात्री मुलीशी काय बोलायचं ते कुठल्याच कागदात नव्हतं. मी चूक केली ती सांगते. 'तू असं करणारी मुलगी नाहीस' असं मी दहा वेळा म्हणाले. मला वाटलं मी तिला सावरतेय. ती नंतर म्हणाली, 'पण मी केलं होतं ना.' मी तिच्याकडून ऐकायलाच तयार नव्हते.

लेन्सवाला
इथेही सीबीएसईनं २०१५ मध्ये शाळांना छळ रोखण्यासाठी समित्या नेमायला सांगितलं होतं. ताईंची शाळा राज्य मंडळाची असेल तर वेगळं. तरी लेखी द्याच.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. शब्दांचा_प्रवासी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण 'आम्हीही केलंय' हे वाक्य त्यानंतर घरात आलेलं नाही.

व्हॅनवाल्या काकांना शुक्रवारी भेटले. त्यांना माहीत होतं. 'पोरांचा खेळ आहे असं वाटलं' म्हणाले. आता माझा मुलगा पुढे त्यांच्याशेजारी बसतो. शाळेला पत्र दिलं, अजून उत्तर नाही.

रविवारी दुपारी तीन किलो मटार घेऊन बसले. मुलाला म्हटलं, ये सोलायला. आधी हात उचलल्याबद्दल त्याला सॉरी म्हटलं, तेवढंच, पुढे 'पण' न लावता. मग वहीचं_पान यांनी सांगितलं तसंच बोलले. मला काय कळलंय, काय थांबवलंय, आणि आता तुझ्याकडून ऐकायचंय. बराच वेळ नुसते मटार. मग म्हणाला, 'मस्करी होती.' मी म्हटलं, 'मस्करीत दोघं हसतात.' 'तोपण हसायचा.' 'तो हसला नसता तर तुम्ही काय केलं असतं?' यावर गप्प. मग हळूच म्हणाला, 'अजून केलं असतं.'

मी विचारलं, अडकल्यावर त्याचा चेहरा कसा व्हायचा. शेंग हातात तशीच राहिली. म्हणाला, 'डोळे मिटायचा. आणि मान अशी करायचा.' आणि त्यानं ती मान करून दाखवली. चिडवायला नाही, खरंच दाखवली. मला भरून आलं. मी खाली बघून सोलत राहिले.

पासवर्ड कुणी काढला, तर 'मीच.' आणि मग आपण होऊन म्हणाला, 'वर्गात मी वाचताना सगळे हसतात, तेव्हा तर कुणी कुणाला ओरडत नाही.'

हे मला माहीत नव्हतं. त्याला मोठ्यानं वाचताना अडतं हे माहीत होतं. जोडाक्षर आलं की थांबतो, ओळ सुटते, अंदाजानं शब्द ठोकून देतो. मी त्याला आळस समजत होते. वर्गात त्याच्या पाळीला मुलं पुढचा शब्द ओरडून सांगतात म्हणे.

म्हणजे त्याला जे होतं तेच त्यानं त्या लहानग्याला केलं. हे कळल्यापासून राग कुठे गेला तेच कळत नाहीये.

कोवळी_पालवी
मी म्हणत होते ना. आतली जखम.

रोखठोक
ताई, सांभाळा. आईच्या डोळ्यांत पाणी आलंय हे मुलांना लगेच दिसतं. त्यानं तुम्हाला हवं ते कारण हातात दिलंय. मलाही वाचता यायचं नाही, चौथीपर्यंत. मी कुणाला दारात अडवलं नाही.

वहीचं_पान
दोघांचंही मला पूर्ण पटत नाही.

वाचताना अडणं खरं असणार. तुम्ही सांगितलेल्या खुणा रचून सांगता येण्यासारख्या नाहीत. पाचवीत जोडाक्षराला थांबणं, ओळ सुटणं, अंदाजानं वाचणं हा आळस नसतो, हे तपासून घ्या. आधी डोळे आणि कान, मग वाचनाची रीतसर चाचणी. वर्गशिक्षिकांशी आजच बोला की तपासणी होईपर्यंत अचानक उभं करून वाचायला लावू नका. हे काम कुठल्याही परिस्थितीत करायचंच आहे, त्यानं व्हॅनमध्ये काही केलं नसतं तरी करायचं होतं.

पण रोखठोक यांचा मुद्दा सोडून देऊ नका. अडखळत वाचणारी किती तरी मुलं कुणाला छळत नाहीत. त्यामुळे त्याच्यासमोर 'तुला हसतात म्हणून तू असं केलंस' असं वाक्य चुकूनही बोलू नका. ते 'म्हणून' त्याला आयुष्यभर पुरेल. 'आणि' वापरा. 'तुला वाचताना हसतात, ते वाईट आहे, त्याचं आपण बघू. आणि तू त्याला छळलंस, ते तुला निस्तरायचंय.' दोन वेगवेगळ्या दिवशी बोललात तर आणखी बरं.

दुसरं म्हणजे जे दोघं हसत होते ते. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात शाळांसाठी 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार झाला, तो बराचसा याच गोष्टीवर उभा आहे. छळणारा एकटा नसतो, त्याला हसणारी, बघणारी मुलं लागतात. दारात तो दोघांशिवाय उभा राहिला असता का, हे त्याला विचारा. माझा अंदाज, नसता राहिला. त्याला वर्गात जे हसू झोंबायचं तेच हसू व्हॅनमध्ये त्याच्या बाजूनं होतं. ते मिळणं त्याला आवडत होतं. हे कारण दुखण्यापेक्षा कमी गोंडस आहे, पण तेही खरं असू शकतं.

आणि आजी काय म्हणाल्या ते बघा एकदा. घरात नकलेला हसू मिळतं का?

गोदाकाठची
मिळतं. नवरा त्याच्या साहेबांच्या बोलण्याची नक्कल करतो, रात्री जेवताना. साहेब तोतरा आहे असं नाही, पण हिंदी बोलताना चुकतो. आम्ही सगळे हसतो. मी सगळ्यात जास्त. आजी, तुम्ही लिहिलं तेव्हाच मला आठवलं होतं, पण इथे लिहायला धीर झाला नाही.

आजी_६८
लिहिलंस ना आता. झालं.

चहा_कडक
आमच्या घरात सासऱ्यांची नक्कल ही करमणुकीची मुख्य गोष्ट आहे. आज जेवताना सगळे गप्प होते, सासरे विचारत होते भांडण झालंय का.

मिरजेचा_सतारिया
विषयांतर होतंय, पण व्हॅनमध्ये मुलं बाकावर, दप्तरं मागे, आणि एक मूल दप्तरांवर, हे मुळात परवानगीपेक्षा जास्त मुलं कोंबल्याशिवाय होत नाही. ताई, किती मुलं आहेत त्या व्हॅनमध्ये? जागा पुरली असती तर 'पासवर्ड' चाललाच नसता.

गोदाकाठची
चौदा. मोजली नव्हती कधी, आज मोजली. तुमचं बरोबर आहे, त्याबद्दल आम्ही चार पालक वेगळं बोलतोय.

मला आता माफीचं विचारायचंय. मी ठरवलं होतं की मुलाला घेऊन त्यांच्या घरी जायचं, पेढे घेऊन. शब्दांचा_प्रवासींचं वाचल्यावर थांबले. पण काहीच न करणंही पटत नाही.

वहीचं_पान
थांबलात ते बरं केलंत. आधी तुम्ही एकट्या त्या आईंशी बोला आणि विचारा की त्यांच्या मुलाला काय हवंय. त्याला भेट नको असेल तर भेट नाही. आपल्या मुलाला हलकं वाटावं म्हणून दुसऱ्याच्या मुलाला समोर बसवायचं नसतं. दोघांना समोरासमोर आणून 'मिटवून टाका' म्हणणं तर अजिबात नको. बरोबरीच्या दोघांचं भांडण असतं तेव्हा ते चालतं. इथे दारात तीन मोठे होते आणि खाली एक छोटा.

आणि त्या उरलेल्या दोघांच्या घरी कळवा. आरोप म्हणून नाही, तुमच्या मुलानं काय केलं ते आधी सांगून.

तिखटमीठ
त्या दोघांच्या आया तुमच्यावरच उलटतील, तयारी ठेवा.

गोदाकाठची
एकीनं ऐकून घेतलं आणि मुलाला फोनजवळ बोलावून तिथेच विचारलं. दुसरीनं 'तुमच्या मुलानं शिकवलं, माझ्यावर कशाला' म्हणून फोन ठेवला. चुकीचं म्हणाली असं नाही.

छोट्याच्या आईशी बोलले. त्या पहिल्यांदा थंडपणे बोलल्या, ते साहजिक आहे. डॉक्टरांचा आणि तपासण्यांचा खर्च आम्ही देऊ असं म्हटलं, त्यांना तो नको होता. मुलाला विचारून त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं. त्याला भेटायचं नाहीये, चिठ्ठीही नको. दारात कुणी नको आणि कुणी 'पपई' म्हणायला नको. बस.

हे मी मुलाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, 'मग मी सॉरी कसं म्हणू?' मी म्हटलं, त्याला ते नकोय, तुला म्हणायचंय. त्याला जे हवंय ते तू करू शकतोस. त्याला हे फार जड गेलं. माफी मागून मोकळं होणं त्याला सोपं वाटत होतं. शिक्षा म्हणून मी क्रिकेट बंद केलेलं नाही. व्हॅनमध्ये खिडकीची जागा या वर्षी त्याला नाही, आणि शाळेच्या पत्राची दुसरी प्रत द्यायला मुख्याध्यापकांकडे तो माझ्याबरोबर आला, त्यानं केलं ते त्यानंच सांगितलं. बाहेर आल्यावर त्याचे हात गार पडले होते.

रोखठोक
हे मी सांगितलेल्या शिक्षेपेक्षा कठीण आहे. मान्य.

शब्दांचा_प्रवासी
त्या मुलाला विचारलं गेलं आणि त्यानं 'नको' म्हटलेलं ऐकलं गेलं. मला तिसरीत असं कुणी विचारलं असतं तर.

केतकीचं_बन
धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले. गोदाकाठची, पुढे काय झालं? माझ्या मुलीच्या शिक्षिकेनं काल मला असंच काही सांगितलंय, म्हणून विचारतेय. त्याहून महत्त्वाचं, खरंच थांबलंय हे कळतं कसं?

वहीचं_पान
ताईंच्या आधी थोडं मी सांगते. 'त्रास देतोस का अजून?' याला 'नाही' हेच उत्तर येतं. बारीक प्रश्न विचारा. आज व्हॅनमध्ये तुझ्याशेजारी कोण बसलं, उतरताना कोण आधी उतरलं. आणि मुलाशिवाय दुसऱ्या कुणाकडून कळण्याची सोय ठेवा, काकांकडून, शिक्षिकांकडून, समोरच्या आईकडून.

बऱ्याचदा ते थांबत नाही, रूप बदलतं. चिडवणं बंद होतं आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरतं. किंवा आपलं मूल शांत बसतं आणि काम दुसऱ्याकडून करून घेतं. नाही तर मोबाइलवरच्या खेळात सुरू होतं. पहिले दोन आठवडे सगळं छान वाटतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बघायचं. मुलगी आहे म्हणालात, तर 'हिला घ्यायचं नाही' हा प्रकार आधी तपासा.

आणि मूल बोलत राहिलं, पण त्याला कशाचंच काही वाटत नाही, प्राण्यांना इजा करतं, लहानांना एकटं गाठतं असं दिसलं तर ते घरच्या बोलण्यानं निस्तरत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

गोदाकाठची
केतकीचं_बन, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मी लिहायचं टाळत होते.

चौथ्या आठवड्यात काकांचा फोन आला. माझा मुलगा पुढे शांत बसतो, पण त्या दोघांपैकी एकानं मागून 'फणस' म्हणायला सुरुवात केली. 'पपई' बंद म्हणून 'फणस'. आणि माझा मुलगा हसला. बोलला नाही, फक्त हसला. मी त्याला विचारलं तर म्हणाला, 'मी तर काहीच केलं नाही.' पुन्हा तेच पहिल्या दिवसाचं वाक्य. या वेळी हात उचलला नाही. म्हटलं, तुझ्या वर्गात पुढचा शब्द ओरडून सांगणारा एक असतो, बाकीचे काय करतात? खूप वेळानं म्हणाला, 'हसतात.' तिथेच थांबले, पुढे काही बोलले नाही. 'फणस' म्हणणाऱ्या त्या मुलाला आता दुसऱ्या व्हॅनमध्ये घातलंय, हे शाळेनं केलं, पत्राचं उत्तर म्हणून नाही, काकांनीच जाऊन सांगितलं म्हणून.

वाचनाची तपासणी झाली. त्याला अडचण आहे, आळस नव्हता. आठवड्यातून दोनदा एका शिक्षिकेकडे जातो. घरी रोज दहा मिनिटं मी आणि तो एकत्र मोठ्यानं वाचतो, तो अडला की मी शब्द पुरवत नाही, थांबते. जेवताना नकला बंद आहेत. नवऱ्याला जड जातंय, पण बंद आहेत.

छोट्याच्या उलट्या थांबल्यात. पण 'फणस' झाल्यापासून तो व्हॅननं येत नाही, त्याची आई त्याला स्कूटरवर सोडते. परवा माझ्या मुलानं विचारलं, 'तो परत व्हॅनला कधी येणार?' मी म्हटलं, माहीत नाही, त्याला वाटेल तेव्हा. म्हणाला, 'त्याची जागा काकांनी कुणाला दिली नाहीये. मी बघतो रोज.'

शब्दांचा_प्रवासी
ती जागा रिकामीच ठेवायला सांगा काकांना. वर्ष संपेपर्यंत तरी.

गोदाकाठची
सांगते. उद्याच.